भाच्यासाठी बुद्धिबळाची भेट: पट, घड्याळ आणि एक वही

*माझा भाचा पुढच्या महिन्यात बारा वर्षांचा होतोय. दीड वर्ष झालं, तो बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतोय. मला त्यातलं काही कळत नाही. घरी तीन पट आहेत: एक काचेचा, एक तळहाताएवढा चुंबकाचा आणि एक कोरीव योद्ध्यांचा. तरी तो मोबाइलवरच खेळतो. स्पर्धेत ‘दीड तास आणि दर चालीला तीस सेकंद’ असतात म्हणे. घरी जिंकतो आणि तिथे हरतो, म्हणून हल्ली हिरमुसलेला असतो. मी त्याच्यासाठी भारी लाकडी संच घ्यायचं ठरवलं होतं. दुकानात गेले तर घड्याळं, पुस्तकं बघून गोंधळ उडाला. त्याला डावपेचांचे दुसरे खेळही आवडतात. नक्की काय घेऊ?*
*– एक आत्या*

प्रिय आत्या,

‘घरी जिंकतो आणि तिथे हरतो’ हे तुमचं वाक्य वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी बरीच वर्षं मुलांना शिकवतो आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणूनही उभा राहतो, त्यामुळे अशी मुलं सतत दिसतात. त्यांचा खेळ कच्चा नसतो. त्यांच्यासाठी तीन कामं एरवी मोबाइल करत असतो आणि स्पर्धेच्या टेबलावर ती अचानक त्यांच्या अंगावर येतात. मोबाइल पट वरून, सपाट दाखवतो. घड्याळ आपोआप बदलतो. चाली लिहून ठेवतो. स्पर्धेत पट समोर आडवा पसरलेला असतो, पलीकडचे मोहरे एकमेकांच्या आड उभे असतात, घड्याळ स्वतः दाबावं लागतं आणि प्रत्येक चाल हाताने लिहावी लागते. तुमची भेट या तीन गोष्टींसाठी असू द्या. भारी लाकडी संच तूर्त बाजूला ठेवा. त्याच पैशांत बहुतेक तिन्ही गोष्टी बसतील.

सुरुवात पटापासून करू, कारण घरात तीन असूनही त्याच्याकडे खरा पट एकही नाही. काचेच्या पटावर उजेड चमकतो आणि पारदर्शक सोंगट्यांत काळा कोण, पांढरा कोण हे शोधण्यात डोळे थकतात. कोरीव योद्ध्यांच्या संचात उंट आणि वजीर ओळखू येईपर्यंत डाव पुढे निघून जातो. चुंबकाचा पट प्रवासात फार उपयोगी आहे, तो टाकू नका. पण त्यावर सराव करून मोठ्या पटावर नजर बसत नाही. मोबाइलच्या सवयीच्या मुलांचं हेच होतं. पलीकडच्या कोपऱ्यातून तिरका येणारा उंट पडद्यावर लगेच दिसतो आणि पटावर सुटतो. मी शिकवत असलेल्या एका मुलीने एकाच स्पर्धेत दोन डाव अशा लांबच्या उंटांमुळे घालवले. नंतर तिला तीच स्थिती मोबाइलवर दाखवली, तर तिने पाच सेकंदांत उत्तर सांगितलं.

स्पर्धांमधल्या सोंगट्या ‘स्टाँटन’ नावाच्या घडणीच्या असतात. १८४९ साली इंग्लंडमध्ये ही घडण बाजारात आली आणि त्या काळचे मोठे खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचं नाव तिला मिळालं. राजाच्या डोक्यावर क्रॉस, वजिराला मुकुट, उंटाच्या डोक्याला तिरकी चीर, हत्ती म्हणजे बुरूज, आणि घोड्याचं फक्त डोकं. दुकानात हाच शब्द वापरा, म्हणजे योद्धे आणि प्राणी आपोआप बाजूला होतील.

आता मापं. दुकानात जाताना फूटपट्टी घेऊन जा. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या शिफारशीनुसार राजा साधारण ९.५ सेंटिमीटर उंच असावा आणि पटाचं एक घर ५ ते ६ सेंटिमीटरांचं. पण नुसती उंची पाहून भागत नाही, कारण घरात बसते ती सोंगटीची बैठक. राजाची बैठक घराच्या रुंदीच्या पाऊण हिश्शाच्या आसपास, फार तर थोडी जास्त असावी. समजा, तुम्ही राजा उलटा करून बैठक मोजली आणि ती ४.३ सेंटिमीटर भरली. मग ५.५ सेंटिमीटरांचं घर त्याला अगदी नेमकं. आठ घरांचे ४४ सेंटिमीटर झाले, कडेची पट्टी धरून पट साधारण ५० सेंटिमीटरांचा. हाच राजा ४.५ सेंटिमीटरांच्या घरात ठेवला, तर दोन्ही बाजूंना मिळून २ मिलिमीटर उरतात. किल्लेकोट म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला कोपऱ्याकडे नेणं. तो झाल्यावर राजा, हत्ती आणि पुढची तीन प्यादी एका कोपऱ्यात दाटीने बसतात. तिथून एक प्यादं उचलताना शेजारचं पडतं, आणि स्पर्धेत पाडलेली सोंगटी आपल्याच वेळेत उभी करावी लागते.

फूटपट्टी विसरलात तर प्यादी वापरा. एका घरात चार प्यादी, दोनाशेजारी दोन अशी, जेमतेम मावली पाहिजेत. आरामात मावून भोवती मोकळी जागा उरली तर पट मोठा आहे. एखादं प्यादं शेजारच्या घरात बरंच सरकलं तर पट लहान. पट आणि सोंगट्या वेगवेगळ्या खोक्यांतून घेणार असाल तर ही चाचणी चुकवू नका, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

बारा वर्षांच्या, स्पर्धा खेळणाऱ्या मुलासाठी मी गुंडाळता येणारा पट आणि वजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या सुचवेन. तुमच्या मनातल्या भेटीच्या तुलनेत हे साधं वाटेल, मला कल्पना आहे. पण जगभर असंख्य स्पर्धांमध्ये मुलं याच पटावर खेळतात. तो पिशवीत जातो, पाणी सांडलं तर पुसता येतो आणि रोज जमिनीवर पसरला तरी त्याला काही होत नाही. रंग हिरवा-फिकट किंवा तपकिरी-फिकट घ्या, लाल-काळा नको. पृष्ठभाग चमकणारा नसावा आणि कडेला अक्षरं व आकडे छापलेले असावेत. चाल लिहायला शिकणाऱ्या मुलाला त्यांचा आधार लागतो. घरी आल्यावर पट घडी करून ठेवू देऊ नका, कायम गुंडाळायचा. एकदा पडलेली घडी जात नाही आणि तिच्यावर उभी केलेली सोंगटी डुगडुगत राहते.

सोंगटीचं वजन हाताला कळतं. राजा टेबलावर ठेवून बोटाने एका बाजूला कलता करा आणि सोडा. बऱ्यापैकी कलूनही तो परत उभा राहिला, तर बुडाशी वजन आहे. कानाजवळ धरून हलवा. आत खडखडलं तर वजन सुटलेलं आहे, तो संच नको. खाली मऊ कापड चिकटवलेलं असावं, त्याच्या कडा निघालेल्या नसाव्यात. शेवटी वजीर मोजा. चांगल्या संचात प्रत्येक रंगाचे दोन वजीर येतात, म्हणजे एकूण ३४ सोंगट्या. प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात पोहोचलं की बहुतेक वेळा त्याचा वजीर करतात आणि पहिला वजीर तेव्हा बरेचदा पटावरच असतो. घरी मुलं अशा वेळी हत्ती उलटा ठेवून त्यालाच वजीर म्हणतात. फिडेच्या नियमात उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो. सवयीने तसं ठेवून, घड्याळ दाबून, जिंकलेला डाव हातचा घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. जादा वजीर हाताशी असला की ती सवयच लागत नाही.

लाकडी संचाची ओढ मला समजते. माझ्याकडे एक आहे आणि त्यातला घोडा हातात घेतला की आजही खाली ठेवावासा वाटत नाही. त्याच्या आयाळीची एकेक रेघ हाताने कोरलेली आहे आणि खालच्या ओठाशी कोरणी किंचित घसरल्याची खूण आहे. लाकडी संचाची किंमत फार करून घोड्यावरच ठरते, कारण बाकीच्या सोंगट्या चरकावर फिरवून होतात आणि घोडा कोरावा लागतो. हा संच तुम्ही त्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी द्या. तेव्हा घ्याल तेव्हा दोन गोष्टी पाहा. काळ्या सोंगट्या खऱ्या काळ्या लाकडाच्या आहेत की रंगवलेल्या, हे ओलसर पांढरा रुमाल बुडाजवळ घासून पाहिलं तर कळू शकतं. कच्चा रंग रुमालाला लागतो. आणि खरं आबनूस असेल तर ते कोरड्या हवेत तडकू शकतं, तेव्हा संच उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायचा नाही.

घड्याळाकडे वळू. माझ्या मते त्याच्या हरण्याचा निदान निम्मा उलगडा इथे आहे. ‘दर चालीला तीस सेकंद’ म्हणजे प्रत्येक चाल करून घड्याळ दाबलं की आपल्या वेळेत ३० सेकंद जमा होतात. ही पद्धत माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी सुचवली, १९८८ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ साली जुने प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की यांच्याविरुद्धच्या त्यांच्या सामन्यात ती वापरली गेली. काट्यांच्या जुन्या घड्याळाला हे जमत नाही. त्याला फक्त वेळ संपवता येते, वाढवता येत नाही. लाकडी चौकटीतलं काट्यांचं घड्याळ दिसायला देखणं असतं आणि दुकानदार ते आवर्जून दाखवतो, पण तुमच्या भाच्याच्या स्पर्धेसाठी ते कामाचं नाही. डिजिटल घ्या.

डिजिटलमध्येही एक खाच आहे. काही स्वस्त घड्याळांत अशी सेकंदांची ‘भर’ नसते, नुसती ‘उसंत’ असते. म्हणजे चालीच्या सुरुवातीचे काही सेकंद मोजले जात नाहीत, किंवा चालीत घालवलेले सेकंद त्या मर्यादेपर्यंतच परत मिळतात. ऐकायला दोन्ही सारखं वाटतं, खेळताना तसं नसतं. भरीमध्ये पटापट खेळून वेळ वाढवता येते, उसंतीमध्ये ती कधीच वाढत नाही. दुकानात दोन मिनिटांत तपासता येईल. दुकानदाराला ३ मिनिटं आणि चालीला २ सेकंद लावायला सांगा. घड्याळ सुरू झालं की दोन्ही बाजू आळीपाळीने भराभर दाबा, एकेका सेकंदाच्या आत. दहा-बारा वेळा दाबल्यावर दोन्हीकडचा आकडा सुरुवातीपेक्षा वाढलेला दिसला तर भर आहे. जिथल्या तिथे राहिला किंवा कमी झाला तर ते घड्याळ ठेवून द्या. मग ९० मिनिटं आणि ३० सेकंद तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा. दुकानदाराला पुस्तिका घेऊन पाच मिनिटं लागली, तर स्पर्धेच्या गडबडीत मुलाला ते जमणार नाही. आकडे मोठे असावेत, दोघांच्या वेळा दोघांनाही दिसाव्यात, आणि वरची दांडी दाबल्यावर घड्याळ टेबलावर सरकू नये. फिडेने मान्य केलेली घड्याळं वेगळी असतात. त्यांतलं एखादं परवडलं तर उत्तमच, सरावासाठी तेच हवं असं नाही.

घरी हे घड्याळ कसं वापरायचं, तेही त्याला सांगा. ज्या हाताने सोंगटी हलवली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, हा नियम आहे. किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा, मग हत्ती, आणि दोन्ही एकाच हाताने. मोबाइलवर राजा दोन घरं सरकवला की हत्ती आपोआप उडी मारतो, म्हणून मुलांचा हात इथे अडखळतो. आणि घड्याळ दाबायचं राहून गेलं तर समोरच्याने आठवण करून देण्याचं बंधन नसतं. पंच म्हणून मी शेजारी उभा असतो, एखादा मुलगा आपली चाल करून शांतपणे विचार करत बसलेला असतो, त्याचीच वेळ पळत असते आणि मला बोलायची परवानगी नसते. ती दहा-बारा मिनिटं मला फार जड जातात. महिनाभर घरी रोज एक डाव घड्याळ लावून खेळला तर ही चूक जाते.

तिसरी गोष्ट अगदी स्वस्त आहे आणि ती कुणीच देत नाही: डाव लिहायची वही. दुकानात ‘स्कोअरबुक’ म्हणून मागा. प्रत्येक पानावर एक डाव, पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या चालींचे दोन रकाने. त्याच्या स्पर्धेत दर चालीला ३० सेकंद मिळतात, म्हणून त्याला शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहावीच लागते. ज्याला लिहिण्याचा सराव नाही, त्याचं लक्ष नेमक्या कठीण क्षणी वहीत अडकतं. जाड पुठ्ठ्याची, सपाट उघडणारी वही घ्या आणि सोबत गुळगुळीत चालणारं पेन. त्याच्या शिक्षकांना या वहीचा तुमच्या बाकी सगळ्या भेटींपेक्षा जास्त उपयोग होईल, कारण तो कुठे चुकतो हे तिच्यात लिहिलेलं असेल.

पुस्तक मी शेवटी ठेवलं, कारण भेटीत सर्वात जास्त वाया जातं ते पुस्तक. प्रसिद्ध म्हणून घेतलं जातं आणि दोन पानांनंतर कपाटात जातं. ड्वोरेट्स्की यांचं डावाच्या अखेरीवरचं पुस्तक थोर आहे, पण ते मुरलेल्या खेळाडूंसाठी आहे, बारा वर्षांच्या नवख्यासाठी नाही. ओपनिंग म्हणजे सुरुवातीच्या चालींवरचं पुस्तक तर घेऊच नका. कोणती सुरुवात खेळायची हे त्याचे शिक्षक ठरवतील आणि तुम्ही घ्याल ती बहुधा दुसरीच निघेल.

कोड्यांचं, म्हणजे ‘दोन चालींत मात करा’ अशा प्रकारचं पुस्तक घेणार असाल, तर त्याला काहीतरी निमित्त काढून दुकानात घेऊन जा. मधलं कुठलंही पान उघडून दहा कोडी नुसती बघून सोडवायला सांगा. सात-आठ सुटली तर पुस्तक त्याच्या मापाचं. दहाच्या दहा सुटली तर पुढचा भाग घ्या. तीन-चारच सुटली तर ते पुस्तक त्याला नाउमेद करेल. वाचायची आवड असेल तर आयर्विंग चेर्नेव्ह यांचं ‘लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह’ पाहा. १९५७ साली आलेल्या या पुस्तकात ३३ डाव आहेत आणि पहिल्या चालीपासून जवळपास प्रत्येक चाल का केली हे सांगितलेलं आहे. पुस्तक समोर ठेवून नव्या पटावर चाली लावत वाचण्यासारखं आहे, म्हणून दोन्ही भेटी एकमेकींना धरून राहतील. मात्र घेताना आत एक पान उघडा. चाली `e4`, `Nf3` अशा लिहिल्या असतील तर ठीक. `P-K4` असं दिसलं तर ती जुन्या पद्धतीची छपाई आहे. स्पर्धांत आता पहिलीच पद्धत चालते आणि मुलांना दुसरी वाचता येत नाही. या पुस्तकाच्या दोन्ही प्रकारच्या आवृत्त्या आहेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात हमखास गफलत होते.

दुसऱ्या खेळांविषयी विचारलंत म्हणून एकच सुचवतो: गो. नियम दहा मिनिटांत कळतात आणि जागा वेढण्याचा विचार बुद्धिबळापेक्षा अगदी निराळा आहे. पूर्ण पट १९ बाय १९ रेघांचा असतो. नवशिक्याला तो समुद्रासारखा वाटतो, म्हणून एका बाजूला १३ आणि उलट्या बाजूला ९ रेघा असलेला पट घ्या. पण हे या वाढदिवसाला नको, पुढे केव्हातरी.

सगळं एकदम परवडलं नाही तर पट-सोंगट्या आणि वही आता द्या, घड्याळ पुढच्या निमित्ताला. घड्याळ आत्ताच घेतलंत, तर कागदात गुंडाळण्याआधी त्यात सेल घाला आणि ९० मिनिटं, ३० सेकंद लावून ठेवा. वाढदिवसाच्या संध्याकाळी खोकं उघडल्या उघडल्या त्याला खेळायचं असेल.